‘निदान’ हा शब्द आधी खोडा

प्रश्न: माझी कॉलेजची मैत्रीण स्नेहा (नाव बदललं आहे) हिला अकरावा आठवडा चालू होता. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, दुसऱ्या दिवशी क्युरेटिंग झालं. तिचा मेसेज आला, ‘बाळ नाही राहिलं गं. सध्या फोन नको.’ त्याला पाच दिवस झाले. मी चार वेळा लिहिलं आणि पुसलं. शेवटी असं लिहिलंय: ‘अगं, ऐकून खूप वाईट वाटलं. पण धीर धर, जे होतं ते चांगल्यासाठीच. निदान दिवस राहतात हे तरी कळलं, आणि अजून वय आहे तुमचं. काळजी घे, काहीही लागलं तर सांग.’ हे पाठवू का? मी कोथरूडला राहते, ती वाकडला. पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं उष्टावण आहे. तिला बोलवू की नको, तेही कळत नाही.

उत्तर: आहे तसा पाठवू नका. पण पहिलं वाक्य ठेवा, ते चांगलं आहे. ‘ऐकून खूप वाईट वाटलं’ हे खरं आहे आणि त्यात तिच्याकडून काही मागितलेलं नाही. गडबड पुढच्या ‘पण’पासून सुरू होते. दुःखाच्या निरोपात ‘पण’ आला की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं. वाईट वाटलं, पण आता त्यातून बाहेर ये, असा त्याचा अर्थ होतो, आणि तिचा तर आत्ता कुठे सहावा दिवस आहे.

‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे वाक्य आपण नोकरी गेली, लग्न मोडलं, गाडी चुकली, सगळीकडे वापरतो. इथे ते वाचणारीला एक प्रश्न विचारावाच लागतो: चांगलं म्हणजे काय? त्याचं एकच उत्तर निघतं, ते बाळ आलं नाही तेच बरं झालं. तुम्हाला हे म्हणायचं नाही, पण वाक्याचा अर्थ तोच होतो. ‘देवाच्या मनात नव्हतं’ याचंही तेच. ती श्रद्धाळू असेल तर तिच्या हातचा तो एक आधारही तुम्ही तिच्याविरुद्ध उभा करता.

‘निदान दिवस राहतात हे तरी कळलं’ हे बहुधा कुणा डॉक्टरच्या केबिनमधून घरोघरी पोहोचलेलं वाक्य असावं. तिथे त्याला जागा आहे. पुढचा विचार करायला बसलेल्या जोडप्याला डॉक्टर हे सांगतात, कारण उपचारांच्या हिशोबात ती माहिती कामाची असते. मैत्रिणीच्या मेसेजमध्ये मात्र तिचं बाळ ही एक चाचणी होऊन जातं, आणि चाचणी पास झाल्याबद्दल आपण तिला शाबासकी देतो. ‘निदान’ने सुरू होणारं याच्या नात्यातलं दुसरं काहीही लिहू नका. निदान लवकर झालं, निदान तुला काही झालं नाही, निदान पहिली मुलगी आहे. तिने हे स्वतःबद्दल म्हटलं तर ऐकून घ्या, मान हलवा, पण दुजोरा देऊ नका. ‘हो ना, लवकर झालं ते बरंच’ असं तुम्ही म्हटलंत की तिचा स्वतःला समजावण्याचा प्रयत्न तुमचं मत बनतो, आणि उद्या तिला तसं वाटेनासं झालं की ती ते तुम्हाला सांगू शकत नाही.

‘अजून वय आहे’ यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे किती महिने, किती गोळ्या, किती इंजेक्शनं झाल्यावर हे दिवस राहिले होते, ते बहुतेक वेळा जवळच्या मैत्रिणीलाही माहीत नसतं. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. पुढचं बाळ झालंच तरी ते पुढचं असेल. ती आज या बाळासाठी रडते आहे.

‘काळजी घे’ हे तसं निरुपद्रवी, आपण प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणतो. पण ज्या बाईचं नुकतंच मिसकॅरेज झालंय ती गेल्या दोन-तीन महिन्यांतला एकेक दिवस उलटून पाहत असते. स्कूटरवरून गेले होते, जिना चढले होते, लग्नात पपईची फोड खाल्ली होती. तिच्या कानाला ‘काळजी घे’ हे ‘काळजी घ्यायला हवी होतीस’ असं ऐकू येऊ शकतं. सध्या ते टाळा. आणि ‘काहीही लागलं तर सांग’ मनापासून म्हटलेलं असलं तरी काम तिच्यावरच टाकतं. काय लागतंय ते ठरवायचं, मग ते मागायचं, मागताना संकोच गिळायचा. अशा आठवड्यात ते कुणी करत नाही, आणि आपण मात्र मदत देऊ केली या समाधानात राहतो.

हे सगळं काढलं की जे उरतं त्यातून असा निरोप होतो:

‘स्नेहा, तुझं बाळ राहिलं नाही हे वाचून फार वाईट वाटलं. काय लिहावं सुचत नव्हतं म्हणून पाच दिवस गप्प होते, सॉरी. याला उत्तर द्यायची गरज नाही. शनिवारी दुपारी एक वाजता तुमच्या दोघांचा डबा वॉचमनकडे ठेवून जाते, वर येणार नाही. नको असेल तर फक्त ‘नको’ लिही. पुढच्या आठवड्यात परत मेसेज करते.’

यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम आहे. सुरुवातीला ‘अगं’च्या जागी नाव घातलंय, कारण फॉरवर्डच्या आणि ग्रुपच्या गर्दीत नावाने हाक मारलेला निरोप वेगळा दिसतो. ‘बाळ’ हा शब्द तिचा आहे. तिने ‘प्रेग्नन्सी टिकली नाही’ लिहिलं असतं तर तुम्हीही तेच लिहायचं. तिने जो शब्द धरलाय त्यापेक्षा मोठा किंवा लहान शब्द आपण आणायचा नाही. ‘अबॉर्शन’ हा शब्द तर कधीच नको. वैद्यकीय भाषेत आपोआप झालेल्या गर्भपातालाही तो चालतो, तिच्या कागदांवर कदाचित ‘मिस्ड अबॉर्शन’ असंच लिहिलेलं असेल आणि ते वाचून ती आधीच दुखावली असेल. बोलीभाषेत अबॉर्शन म्हणजे स्वतः करून घेतलेलं. ‘पिशवी साफ केली’ हेही तिच्यासमोर बोलू नका. तिने तसं म्हटलं तरी ‘साफ’ हा शब्द तुमच्या तोंडून यायला नको.

पाच दिवसांच्या गप्प राहण्याबद्दल एका वाक्यात सॉरी म्हणा आणि तिथेच थांबा. ‘मला इतकं रडू येत होतं, मला झोप नाही’ असं लांबवलंत तर ती तुमची समजूत घालायला बसेल. उत्तराची गरज नाही हे लिहायचंच, कारण निळ्या खुणा दिसल्यावर काहीतरी लिहावंच लागतं असं आपल्याकडे होऊन बसलंय. आणि ते लिहिलंत तर पाळा. चार दिवस उत्तर आलं नाही म्हणून ‘रागावलीस का?’ असं विचारू नका. व्हॉइस मेसेजही आत्ता पाठवू नका. तो ऐकायला एकांत लागतो, आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असताना चुकून स्पीकरवर लागला तर पंचाईत. पुष्कळ घरांत तीन महिने पूर्ण होईपर्यंत बातमी सांगत नाहीत, त्यामुळे ती गेलेली बातमीही कुणाकुणाला माहीत नसते. कॉलेजच्या ग्रुपवर तर एक अक्षरही नको, ‘स्नेहासाठी प्रार्थना करा’ इतकंसुद्धा.

आता डबा. मुगाची खिचडी आणि कढी, किंवा पोळी, पालेभाजी आणि वरण, असं रोजचं जेवण द्या. हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खीर, शेपूची भाजी यातलं काही पाठवू नका. ‘अशक्तपणा आलाय, पौष्टिक काहीतरी’ म्हणून हात पहिल्यांदा तिकडेच जातो, पण ते बाळंतिणीचं खाणं आहे. डब्याचं झाकण उघडल्यावर तुपात परतलेल्या हळिवांचा वास आला की आपल्याला ते कशासाठी मिळायला हवं होतं ते तिला आठवेल. दुसरं, स्टीलचा डबा देऊ नका. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, त्यात घालायला काहीतरी करावं लागेल ही टोचणी तिला लागून राहील. हॉटेलवाले देतात तसे टाकाऊ डबे घ्या आणि निरोपातच लिहा, डबे परत नकोत. पदार्थाचं नाव आणि ‘आज-उद्यापर्यंत चालेल’ एवढं चिठ्ठीवर लिहा. डब्यासोबत देवाचा अंगारा, ओटीचं सामान असं काही नको.

डबा ‘दोघांचा’ म्हटलाय तो नवऱ्यासाठी. त्याला सगळे फक्त ‘ती कशी आहे?’ विचारतात. तुमची त्याच्याशी ओळख असेल तर त्याला वेगळा, दोन ओळींचा निरोप पाठवा: ‘स्नेहाकडून कळलं. तुमच्याबद्दलही फार वाईट वाटतंय.’ ‘तिला सांभाळा’ हे जोडू नका, तो ते करतोच आहे.

कधीतरी ती स्वतः बोलेल, आणि बहुधा पहिला प्रश्न हा असेल: ‘माझं काय चुकलं असेल?’ इथे गप्प बसू नका. एवढ्या एका ठिकाणी मैत्रिणीने सरळ उत्तर द्यायला हवं: ‘तुझं काही चुकलं नाही.’ हे उगाच समजुतीसाठी नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ थांबतात त्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांची मांडणीच सुरुवातीला बिघडलेली असते. हे बीज तयार होताना, फळताना किंवा पहिल्या पेशी विभागताना होतं, दिवस राहिल्याचं कळायच्याही आधी. बाकी वेळा कधी थायरॉइड, साखर, रक्ताच्या गाठीचे आजार, गर्भाशयाची रचना अशी कारणं असू शकतात आणि कित्येकदा काहीच सापडत नाही. जिना, स्कूटर, ऑफिसचं काम, नवऱ्याशी झालेलं भांडण आणि ती पपईची फोड ही त्यातली कारणं नव्हेत.

पण ही माहिती तिने विचारल्याशिवाय देऊ नका, आणि विचारलं तरी एका वाक्यात द्या. ‘तू केलेल्या कशानेही हे झालं नाही’ इथपर्यंत ठीक. त्यापुढे ‘अगं, बाळातच दोष होता, निसर्गाने बरोबर केलं’ इथे घसरलात की पुन्हा ‘चांगल्यासाठीच’वर येऊन पोहोचलात. आकड्यांचंही तसंच आहे. कळलेल्या गर्भधारणांपैकी १० ते २० टक्क्यांत असं होतं हे खरं आहे. ती ‘माझ्याच वाट्याला का?’ म्हणाली तर ‘हे पुष्कळ जणींना होतं, कुणी बोलत नाही’ असं सांगता येईल. तिने न विचारता सांगितलंत तर ‘त्यात काय एवढं’ असं ऐकू जातं. तुमच्या मावशीला तीन वेळा झालं आणि मग जुळी झाली, ती गोष्ट घरीच ठेवा.

भेटायला बोलावलं तर मुलीला घेऊन जाऊ नका, तासाभराहून जास्त बसू नका. ‘कशी आहेस?’ला ‘बरी आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. ‘आज कसं वाटतंय?’ विचारलं तर निदान आजचं सांगता येतं. कसं कळलं, कुठले डॉक्टर, आधी रक्तस्राव झाला होता का, हे विचारू नका. ती सांगेल तेवढं ऐका. ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा, चहाचे कप विसळा. ती रडली तर ‘रडू नकोस’ म्हणू नका. आणि ती हसली, सिरियलबद्दल बोलली, तर तिला पुन्हा त्या विषयाकडे ओढू नका.

एवढं जपूनही चुकीचं काही निघून गेलंच तर दुरुस्ती छोटी ठेवा. ‘मघाशी अजून वय आहे म्हणाले, ते बोलायला नको होतं. सॉरी.’ आपल्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते समजावत बसू नका.

तिच्या शरीराबद्दल तुम्हाला थोडं माहीत असावं, तिला शिकवायला नव्हे, तुमच्या अंदाजासाठी. क्युरेटिंगनंतर रक्तस्राव हळूहळू कमी होत साधारण एक ते दोन आठवडे चालू शकतो. पाळी चार ते सहा आठवड्यांत येते, आणि ती पहिली पाळी अनेकींना पुन्हा खाली ओढते. गरोदरपणाचं हार्मोन रक्तातून जायला काही आठवडे लागतात, त्यामुळे स्तन दुखणं, मळमळ लगेच थांबतेच असं नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यात ‘आता बरी दिसतेस’ म्हणायची घाई नको. एका तासात दोन पॅड भिजतील असा रक्तस्राव सलग दोन तास होत राहिला, ताप आला, स्रावाला घाण वास आला, पोटात असह्य दुखलं किंवा चक्कर येऊन पडली, असं काही ती बोलता बोलता म्हणाली तर बोलणं तिथेच थांबवा. लगेच डॉक्टरांना फोन करायला लावा आणि सोबत जा. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण नाही, किंवा ‘जगून काय करू’ असं काही तिच्या तोंडून आलं, तर गुपित म्हणून ठेवू नका. तिच्या नवऱ्याला सांगा, डॉक्टरांना सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेत १४४१६ या नंबरवर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. जिवाचं भय वाटलं तर तिला एकटी सोडू नका.

ती नोकरी करत असेल आणि ‘सोमवारपासून ऑफिस’ म्हणाली, तर एक गोष्ट जरूर सांगा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी, आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असेल तर तो मिळतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. अनेकींना हे ठाऊक नसतं आणि त्या साध्या आजारपणाची रजा घालून आठव्या दिवशी कामावर जातात. तिला कामात मन रमवायचं असेल तर जाऊ दे, फक्त रजा नाही म्हणून जायला लागू नये. एचआरला लिहायचा मेल तुम्ही तयार करून दिलात तर डब्यापेक्षा मोठी मदत होईल.

उष्टावणाला बोलवा. न बोलवणं म्हणजे तिच्या वतीने तुम्ही ठरवून टाकणं, आणि ते तिला दुसऱ्या कुणाच्या स्टेटसवरचे फोटो बघून कळेल. फक्त ग्रुपवरचं आमंत्रण टाकायच्या दोन दिवस आधी तिला एकटीला लिहा. फोन करू नका, समोरासमोर तर मुळीच सांगू नका, म्हणजे आवाज आणि चेहरा सावरत बसायची वेळ तिच्यावर येणार नाही. ‘स्नेहा, १४ तारखेला मुलीचं उष्टावण करतोय. तुला ग्रुपवरून कळायला नको म्हणून आधी लिहिते. यायचं की नाही ते तू ठरव, त्या दिवशी सकाळी नाही म्हणालीस तरी चालेल, कुणाला काही सांगायला लागणार नाही.’ तारीख तुमची घाला. ‘तिला बघून तुला बरं वाटेल’ हे लिहू नका. ती आली तर मुलीला तिच्या मांडीवर ठेवू नका, तिने हात पुढे केले तरच द्या. तुमच्या घरातल्या मोठ्या बायकांना आधीच सांगून ठेवा की तिला कुंकू लावताना ‘आता तुमची गोड बातमी कधी?’ कुणी विचारायचं नाही. हे अगदी प्रेमाने विचारलं जातं, आणि तिला तिथे उभं राहून हसावं लागतं.

शेवटचं एक काम तुमच्या कॅलेंडरमध्ये आज करून ठेवा. अकराव्या आठवड्यात ठोके नाहीत कळलं त्या दिवसापासून २९ आठवडे पुढे मोजा. सोनोग्राफी ५ ऑगस्टला झाली असेल तर ती तारीख २४ फेब्रुवारी येते. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रसूतीच्या तारखेच्या ती आसपास असेल. तोपर्यंत डबे थांबलेले असतात आणि कुणालाच काही आठवत नसतं, तिच्याशिवाय. त्या दिवशी तारखेचा उल्लेख न करता एक ओळ पाठवा: ‘आज तुझी आठवण येतेय.’ तिला तारीख लक्षात असेल तर ती ओळ कशाबद्दल आहे ते तिला कळेल. नसेल, किंवा तेव्हा पुन्हा दिवस गेलेले असतील, तर तो मैत्रिणीचा साधा मेसेज आहे.